शेजाऱ्याचा पेपर वेगळा हवा: कनिष्ठ महाविद्यालयातील सत्र परीक्षेची बैठक व्यवस्था

खानदेशातील तालुक्याच्या गावी, अमळनेर असो, शिरपूर असो वा शहादा, कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा बहुधा एकाच इमारतीत भरतात आणि खोल्या मोजक्याच असतात. त्यामुळे महाविद्यालयाच्या स्वतःच्या सत्र परीक्षेत एका बाकावर दोन विद्यार्थी बसवण्यावाचून गत्यंतर नसते. परीक्षा समितीत नव्याने आलेल्या शिक्षकाच्या हाती तिन्ही शाखांच्या याद्या दिल्या जातात आणि दोन दिवसांत बैठक व्यवस्था लावण्यास सांगितले जाते. हे काम कसे करावे, याचा क्रम पुढे दिला आहे. बारावीची मंडळाची परीक्षा येथे विचारात घेतलेली नाही; जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळाखाली येतात आणि त्या परीक्षेत मंडळाच्या सूचनांप्रमाणेच बसवावे लागते. हा लेख ज्या परीक्षेची बैठक आपण स्वतः ठरवतो, तिच्यापुरता आहे.

आधी वेळापत्रक वाचावे

बहुतेक नवे शिक्षक विद्यार्थ्यांच्या याद्यांपासून सुरुवात करतात. सुरुवात वेळापत्रकापासून करावी, कारण शेजारी बसणाऱ्यांचे वर्ग वेगळे असून भागत नाही, त्यांच्या हातातले पेपर वेगळे असावे लागतात. ‘एक विज्ञानाचा, एक कलेचा’ असे बसवले की काम झाले, असे गृहीत धरले जाते आणि इंग्रजीच्या दिवशी ती सारी मेहनत वाया जाते. इंग्रजी तिन्ही शाखांना अनिवार्य असते आणि पेपर एकच असतो. अर्थशास्त्राचेही तसेच आहे. कला शाखेतील अर्थशास्त्र आणि वाणिज्य शाखेतील अर्थशास्त्र हा एकच विषय असल्यामुळे त्या दिवशी कला आणि वाणिज्यचे विद्यार्थी बैठकीच्या दृष्टीने एकाच गटाचे ठरतात. उलट गणितात विज्ञानाचा पेपर आणि वाणिज्यचा पेपर वेगवेगळे असतात, तेव्हा केवळ विषयाचे नाव सारखे दिसते म्हणून त्यांना एका गटात धरू नये.

म्हणून पहिले काम असे की, प्रत्येक दिवसासाठी एक छोटा तक्ता करावा आणि त्यात त्या सत्रातले वेगवेगळे पेपर व प्रत्येक पेपरला बसणाऱ्यांची संख्या लिहावी. भाषांच्या पेपरला हा तक्ता विशेष काळजीने करावा, कारण मराठी, हिंदी आणि इतर भाषा घेणारे विद्यार्थी शाखेप्रमाणे विभागलेले नसतात. वेळापत्रक अजून नक्की झाले नसेल, तर हीच योग्य वेळ आहे: ज्या दिवशी विज्ञानाला भौतिकशास्त्र आहे, त्याच दिवशी कलेला इतिहास आणि वाणिज्यला पुस्तपालन येईल अशी जुळणी वेळापत्रक करणाऱ्यांकडे आग्रहाने मागावी. बैठक व्यवस्थेचा निम्मा प्रश्न येथेच सुटतो.

कोणाला कोणाची उत्तरपत्रिका दिसते

दालनाच्या मध्यावर बसलेल्या विद्यार्थ्याला आठ शेजारी असतात: दोन बाजूंना दोन, पुढे एक, मागे एक आणि चार कोपऱ्यांना चार. हे आठही शेजारी सारखेच जोखमीचे नसतात. सर्वांत जवळचा म्हणजे त्याच बाकावरचा जोडीदार. त्याची उत्तरपत्रिका मान न वळवताही दिसते. त्यानंतर क्रम लागतो तो तिरका पुढे बसलेल्याचा. सरळ पुढच्या विद्यार्थ्याची पाठ आणि खांदे त्याची उत्तरपत्रिका झाकून टाकतात, पण तिरक्या पुढच्या बाकावरचा कागद मोकळा दिसतो. मागच्या बाकावर थोडा वेळ बसून पाहिले, तर हे कोणाच्याही लगेच लक्षात येते, आणि बैठक लावणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तसे बसून पाहावे.

यातून एक निष्कर्ष निघतो, तो नेहमीच्या रिवाजाच्या उलट आहे. दोनच पेपर असतील, तेव्हा आपला हात सहज बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी करतो, म्हणजे पहिल्या ओळीत अ, ब, अ, ब आणि दुसऱ्या ओळीत ब, अ, ब, अ. या मांडणीत बाजूचा आणि पुढचा वेगळा होतो खरा, पण चारही कोपऱ्यांवर नेमका आपलाच पेपर येतो, आणि नजर जाते ती कोपऱ्याकडेच. त्याऐवजी प्रत्येक ओळ अ, ब, अ, ब अशी सारखीच ठेवली, तर बाकावरचा जोडीदार वेगळा, मधल्या वाटेपलीकडचा वेगळा आणि चारही कोपरे वेगळे होतात. सारखा पेपर राहतो तो फक्त सरळ पुढच्याचा आणि सरळ मागच्याचा. सपाट जमिनीच्या वर्गखोलीत दोन पेपरांसाठी हीच मांडणी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पायऱ्यांचे सभागृह असेल, तर मात्र वरच्या पायरीवरून सरळ पुढचा कागदही दिसतो. तेथे एक आड एक पायरी रिकामी ठेवता येत नसेल, तर ते सभागृह न वापरणेच बरे.

तीन पेपर असले, तरी आठही शेजारी वेगळे करता येत नाहीत, हे आधीच समजून घेतले म्हणजे कागदावरची व्यर्थ खटपट वाचते. शेजारच्या दोन जागा आणि त्यांच्या मागच्या दोन, अशा चार जागा घेतल्या, तर त्या चौघांपैकी प्रत्येक जण इतर तिघांचा शेजारी असतो. चौघांना तीनच पेपर वाटायचे असतील, तर एक पेपर दोघांकडे येणारच. तेव्हा ही पुनरावृत्ती कोठे पडू द्यायची, एवढेच आपल्या हाती असते, आणि ती सरळ पुढे-मागे पडू द्यावी.

१९१ विद्यार्थी, ५ दालने

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. अकरावीची सत्र परीक्षा आहे. आजच्या दिवशी विज्ञानाचे ९४ विद्यार्थी भौतिकशास्त्राला, कलेचे ५७ इतिहासाला आणि वाणिज्यचे ४० पुस्तपालनाला आहेत, एकूण १९१. प्रत्येक दालनात फळ्यापासून मागे जाणाऱ्या बाकांच्या ४ रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत ५ बाक आहेत. म्हणजे दालनात २० बाक आणि ४० जागा झाल्या.

दालने किती लागतील, हे एकूण संख्येला ४० ने भागून ठरवू नये. सर्वांत मोठ्या गटाला प्रत्येक बाकावर एकच जागा द्यायची आहे, म्हणून त्या गटाच्या संख्येला २० ने भागावे आणि अपूर्णांक आला, तर पुढचा पूर्णांक घ्यावा. येथे ९४ भागिले २० म्हणजे ५ दालने लागतात, आणि उरलेले ९७ जण उजवीकडच्या १०० जागांत मावतात. विज्ञानाचे ११५ आणि बाकीचे मिळून ८० असते, तर एकूण १९५ जण २०० जागांत मावले असते. पण १५ बाकांवर विज्ञानाचे दोघे शेजारी बसले असते. तेव्हा सहावे दालन उघडणेच भाग पडते, आणि ही मागणी प्राचार्यांकडे आकड्यांसह आदल्या आठवड्यातच पोहोचलेली बरी, कारण ऐन दिवशी खोली मिळत नाही.

मांडणी अशी करावी. प्रत्येक बाकाची डावी जागा विज्ञानाला द्यावी. उजव्या जागांवर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बाकावर कला, तर दुसऱ्या आणि चौथ्या बाकावर वाणिज्य बसवावे. दालनाचे चित्र असे दिसेल:

```
                फळा
बाक १   वि क    वि क    वि क    वि क
बाक २   वि वा   वि वा   वि वा   वि वा
बाक ३   वि क    वि क    वि क    वि क
बाक ४   वि वा   वि वा   वि वा   वि वा
बाक ५   वि क    वि क    वि क    वि क
        रांग १  रांग २  रांग ३  रांग ४
```

या चित्रात कलेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला आठांपैकी एकही शेजारी इतिहासाचा पेपर सोडवणारा मिळत नाही, वाणिज्यच्या विद्यार्थ्यालाही पुस्तपालनाचा शेजारी मिळत नाही, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सारखा पेपर फक्त सरळ पुढे व सरळ मागे आढळतो. एका दालनात विज्ञानाच्या २०, कलेच्या १२ आणि वाणिज्यच्या ८ जागा होतात. पाच दालनांत त्या अनुक्रमे १००, ६० आणि ४० होतात. आपल्या संख्या त्यांत बसतात आणि ९ जागा रिकाम्या राहतात. कला आणि वाणिज्य यांचे प्रमाण तीनास दोन असे नेहमीच जुळेल असे नाही. वाणिज्यचे ४३ असते, तर तिघांना कलेच्या रिकाम्या जागा द्याव्या लागल्या असत्या आणि त्यांच्या पुढे-मागे पुस्तपालनाचाच पेपर आला असता. त्या जागा कोणत्या, हे आराखड्यावर खूण करून त्या दालनाच्या पर्यवेक्षकाला सांगून ठेवावे.

येथे एका गोंधळाचा उल्लेख आवश्यक आहे. ‘डावी’ आणि ‘उजवी’ कोणाच्या? पर्यवेक्षक फळ्याजवळ विद्यार्थ्यांकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याची डावी बाजू ही विद्यार्थ्यांची उजवी बाजू असते. आराखडा नेहमी फळ्याकडे तोंड करून बसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने काढावा, ‘फळा’ हा शब्द कागदाच्या वरच्या कडेला लिहावा आणि पहिली रांग दाराकडची की खिडकीकडची, हेही नोंदवावे. तसे न केल्यास पाचांपैकी एखाद्या दालनात सारी मांडणी उलटी लागते. सर्वच उलटे लागले, तर बिघडत नाही, पण निम्मे बाक एका पद्धतीने आणि निम्मे दुसऱ्या पद्धतीने चिकटवले गेले, तर मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना विज्ञानच येते.

जागा ठरवण्याची सूत्रे

हे हाताने लिहून काढता येते, पण स्प्रेडशीटमध्ये केले, तर रोजच्या वेगळ्या पेपरांसाठी ते पुन्हा वापरता येते. प्रत्येक पेपरची यादी स्वतंत्र पानावर घ्यावी आणि A स्तंभात १ पासून सलग अनुक्रमांक द्यावा. येथे हजेरीपटावरचा क्रमांक वापरू नये; मधूनच कोणी दाखला घेऊन गेलेले असते आणि त्या क्रमांकाची जागा विनाकारण रिकामी पडते. विज्ञानाच्या यादीसाठी दालन, रांग आणि बाक यांची सूत्रे क्रमाने अशी आहेत:

```
=INT((A2-1)/20)+1
=INT(MOD(A2-1,20)/5)+1
=MOD(A2-1,5)+1
```

कलेला एका दालनात १२ जागा आणि एका रांगेत ३ जागा असल्यामुळे, व बाक १, ३, ५ हेच असल्यामुळे सूत्रे थोडी बदलतात:

```
=INT((A2-1)/12)+1
=INT(MOD(A2-1,12)/3)+1
=2*MOD(A2-1,3)+1
```

वाणिज्यसाठी १२ च्या जागी ८ आणि ३ च्या जागी २ घ्यावे, आणि बाक दुसरा व चौथा असल्यामुळे शेवटचे सूत्र असे लिहावे:

```
=2*MOD(A2-1,2)+2
```

सूत्रे बरोबर उतरली की नाही, हे एका विद्यार्थ्यावर पडताळून पाहावे. विज्ञानाच्या यादीतला ४७ वा विद्यार्थी घेऊ. त्याला दालन ३, रांग २, बाक २, डावी जागा मिळते. त्याच बाकावर उजवीकडे वाणिज्यचा १९ वा आहे. डावीकडे, वाटेपलीकडे, पहिल्या रांगेच्या दुसऱ्या बाकावर वाणिज्यचा १७ वा आहे. तिरके पुढे पाहिले, तर उजवीकडे कलेचा २८ वा आणि डावीकडे कलेचा २५ वा आहे. भौतिकशास्त्राचा पेपर आहे तो फक्त पुढच्या ४६ व्या आणि मागच्या ४८ व्या विद्यार्थ्याकडे. असा एक विद्यार्थी दालनाच्या मध्यातून आणि एक शेवटच्या दालनातून तपासला, तर सूत्रातली चूक लपून राहत नाही.

लागोपाठचे क्रमांक तोडावेत

वरच्या पडताळणीत ४६, ४७ आणि ४८ हे एकामागे एक आले. हजेरीपट आडनावांच्या अकारविल्ह्याने लावलेला असतो आणि जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही वर्गात पाटील या आडनावाचा एक मोठा सलग पट्टा असतोच, त्यात एकाच गावचे आणि एकाच भाऊबंदकीतले विद्यार्थी अनेकदा पाठोपाठ येतात. हे विद्यार्थी रोज एकाच एस. टी.ने येतात, एकत्र अभ्यास करतात आणि परीक्षेतही एकामागे एक बसतात. जेथे सरळ पुढे-मागे पेपर सारखा राहणार आहे, तेथे निदान ही ओळख तरी तोडावी.

उपाय सोपा आहे. पत्ते वाटावेत तसे विद्यार्थी पाच दालनांत वाटावेत, म्हणजे पहिला पहिल्या दालनात, दुसरा दुसऱ्यात आणि सहावा पुन्हा पहिल्यात. विज्ञानासाठी सूत्रे अशी होतात:

```
=MOD(A2-1,5)+1
=INT(INT((A2-1)/5)/5)+1
=MOD(INT((A2-1)/5),5)+1
```

आता ४६ वा पहिल्या दालनात, ४७ वा दुसऱ्यात आणि ४८ वा तिसऱ्यात जातो. पुढे-मागे बसणाऱ्यांच्या क्रमांकांत पाचाचे अंतर पडते. शिवाय विज्ञानाच्या सर्व रिकाम्या जागा शेवटच्या दालनात न साचता प्रत्येक दालनात एक किंवा दोन अशा विभागल्या जातात. याची किंमतही मोजावी लागते: उपस्थिती पत्रक प्रत्येक दालनासाठी वेगळे छापावे लागते आणि परीक्षेनंतर उत्तरपत्रिका क्रमाने लावायला वेळ अधिक जातो. तरीही सर्वांत मोठ्या गटासाठी हे करावे. कला आणि वाणिज्यला वरच्या मांडणीत सारखा पेपर असलेला शेजारीच नसल्यामुळे त्यांचे क्रमांक सलग राहिले तरी चालतील.

सरळ पुढच्याचाही प्रश्न सोडवायचा असेल, तर भौतिकशास्त्राचे दोन संच काढून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावर एक आणि दुसऱ्या, चौथ्या बाकावर दुसरा द्यावा. मात्र केवळ प्रश्नांचा क्रम बदलून संच वेगळा होत नाही, कारण ‘रोधांचे गणित कितीला आले’ एवढी कुजबुज क्रमांकावाचूनही पोहोचते. आकडेच बदलावेत. एका संचात ४ ओहम आणि ६ ओहमचे रोध समांतर जोडणीत दिले, तर उत्तर २.४ ओहम येते. दुसऱ्या संचात ३ आणि ६ ओहम दिले, तर ते २ ओहम येते. दुसऱ्या संचाच्या उत्तरपत्रिकेत २.४ हे उत्तर दिसले की ते कोठून आले, हे तपासणाऱ्याला कळते.

सर्वांचा पेपर एकच असेल, तेव्हा

अर्थशास्त्राच्या दिवशी उजव्या जागांवर कला व वाणिज्यची अदलाबदल करण्यात अर्थ उरत नाही. डावीकडे विज्ञान आणि उजवीकडे अर्थशास्त्र अशी दोन पेपरांची साधी मांडणी होते. त्या दिवशी उजवीकडच्यांनाही वाटपाचे सूत्र लावावे, कारण आता त्यांच्याही पुढे-मागे सारखाच पेपर आहे.

इंग्रजीच्या दिवशी १९१ जणांचा पेपर एकच असतो, आणि तेव्हा शाखा कशाही मिसळल्या तरी उपयोग होत नाही. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच संस्थेचे आणि एकाच आवारात असते, त्याचा येथे लाभ घ्यावा. डावीकडे अकरावी आणि उजवीकडे आठवी-नववी बसवली, तर दहा दालनांत दोन्ही परीक्षा एकाच वेळी होतात. यात लक्ष एका गोष्टीकडे द्यावे: शाळेचा पेपर लवकर संपत असेल, तर दोन्ही पेपर एकाच वेळी संपतील अशी सुरुवात ठेवावी. निम्मे दालन उठून गेले, तर उरलेल्या विद्यार्थ्यांच्या मधली भिंतच निघून जाते.

शाळेची जोड मिळत नसेल, तर एका बाकावर एक याप्रमाणे २० जण बसवून दहा दालने घ्यावीत. अशा वेळी काही जण एका बाकावर डावीकडे आणि मागच्या बाकावर उजवीकडे अशी नागमोडी बैठक लावतात. मला ती पसंत नाही. नागमोडी बैठकीत पुढचा विद्यार्थी समोरून सरकून तिरका होतो आणि त्याची उत्तरपत्रिका उघडी पडते. सर्वांना बाकाच्या एकाच बाजूला बसवले, तर पुढच्याच्या पाठीचा आडोसा कायम राहतो आणि शेजारच्या रांगेशी अंतरही पुरेपूर मिळते. दोन पाळ्यांत एकच पेपर घेण्याचा मार्ग मात्र कधीही पत्करू नये. पहिली पाळी सुटताच प्रश्न फाटकाबाहेर पोहोचतात.

आदला दिवस आणि परीक्षेचा दिवस

आदल्या दिवशी संध्याकाळी बाक लावून घ्यावेत आणि दोन रांगांमध्ये पर्यवेक्षकाला सहज चालता येईल, साधारण तीन फूट, अशी वाट सोडावी. बाकांच्या पायांशी खडूने खुणा कराव्यात. वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये येते, तेव्हा आपल्याकडचे ऊन काय असते हे सांगायला नको. खिडकीजवळची रांग उन्हातून आत सरकते, मागची मुले पंख्याखाली सरकतात आणि तासाभरात दोन रांगांमधली वाट हातभर उरते. जमिनीवर खूण असली, तर बाक सरकला हे पर्यवेक्षकाला लगेच दिसते. त्याहून चांगले म्हणजे पडदे आणि पंखे यांची पाहणी आधीच करून, ज्या जागी बसणे खरोखर असह्य आहे, ती जागा आराखड्यातूनच वगळणे.

बैठक क्रमांकांच्या चिठ्ठ्या बाकावर सकाळी लावाव्यात आणि फलकावरचा तक्ता परीक्षेपूर्वी अर्धा तास लावावा. आदल्या दिवशी जागा कळली, तर बाकावर आणि भिंतीवर लिहून ठेवणाऱ्यांची सोय होते. त्याच कारणासाठी एका विद्यार्थ्याला रोज तीच जागा देऊ नये. यादीचा अनुक्रमांक दर दिवशी वेगळ्या नावापासून सुरू केला, की सूत्रे तीच राहून जागा आपोआप बदलतात.

प्रश्नपत्रिका वाटताना मांडणी सर्वाधिक वेळा मोडते. प्रत्येक दालनाच्या पाकिटावर पेपरनिहाय प्रती लिहाव्यात, उदाहरणार्थ भौतिकशास्त्र १९, इतिहास १२, पुस्तपालन ८. पर्यवेक्षकाने एक पेपर हाती घेऊन त्या पेपरच्या सर्व जागा पूर्ण कराव्यात आणि मगच दुसरा गठ्ठा उघडावा. पहिल्या बाकावर गठ्ठा देऊन मागे सरकवायला सांगू नये. संच असतील तेव्हा तर हे कटाक्षाने पाळावे, कारण दुसऱ्या बाकावरचा गैरहजर असला की त्याची प्रत तिसऱ्याला जाते आणि तेथून मागे पूर्ण रांगेचे संच एकेक जागा सरकतात. गैरहजर विद्यार्थ्याची प्रत पर्यवेक्षकाच्या टेबलावर राहावी आणि त्याची जागा रिकामीच राहावी.

वेगवेगळ्या विषयांच्या प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या फिकट रंगांच्या कागदावर छापल्या, तर तपासणी फार सोपी होते. दारात उभे राहूनही एका बाकावर दोन गुलाबी कागद दिसले की चूक कळते. मात्र एकाच विषयाच्या संचांना कधीही वेगळे रंग देऊ नयेत. तसे केल्यास आपल्याच संचाचा सोबती कोठे बसला आहे, हे विद्यार्थ्याला लांबूनच कळते.

उपस्थिती कमी दिसली की दोन दालने एकत्र करण्याचा मोह होतो, विशेषतः पर्यवेक्षक अपुरे असतील तेव्हा. इकडून उठवून तिकडच्या रिकाम्या जागी कोणालाही बसवले, की तासाभराच्या आखणीवर पाणी पडते. एकत्रीकरण करावेच लागले, तर विज्ञानाचा विद्यार्थी विज्ञानाच्याच रिकाम्या जागी आणि कलेचा कलेच्याच जागी जाईल, एवढे तरी पाळावे आणि बदललेली जागा आराखड्यावर लाल शाईने लिहावी. उशिरा आलेल्यालाही दाराजवळच्या मोकळ्या बाकावर न बसवता त्याच्या नेमलेल्या जागीच पाठवावे.

या सर्व व्यवस्थेने फक्त शेजाऱ्याची नक्कल थांबते. खिशातली चिठ्ठी, मोबाइल किंवा पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जाणे यांवर बैठकीचा काहीही परिणाम होत नाही, आणि त्यासाठी पर्यवेक्षकाची नजर व दारावरची तपासणी लागतेच.

प्रत्येक दिवसाचा आराखडा, लाल शाईतल्या बदलांसह, निकाल जाहीर होईपर्यंत जपून ठेवावा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला दोन ठिकाणी सारखेच काही आढळले, तर प्रथम हा आराखडा पाहावा. बरोबर उत्तरे सारखी असण्याला अर्थ नाही, ती सर्वांची सारखीच असतात. पण तेच चुकीचे एकक, गणितात त्याच पायरीवर तीच चूक आणि तेच अर्धवट सोडलेले वाक्य पुढच्या-मागच्या दोघांकडे आढळले, तर ते परीक्षा समितीपुढे ठेवावे. ते दोघे वेगवेगळ्या दालनांत बसलेले निघाले, तर बहुधा दोघांनी एकाच मार्गदर्शिकेतून पाठ केलेले असते आणि आरोप करण्याचे कारण उरत नाही.